माझा अनुभव : वीजमीटरच्या माहितीपुस्तिकेत फक्त ‘सीआरसी-१६’ लिहिले होते

वीजमीटरमधील नोंदी मॉडबस आरटीयू या उपकरणांच्या संवादपद्धतीने वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. जोडणी, वेग आणि पत्ता या गोष्टी विनासायास जमल्या, आणि पॅरिटी तर यूएआरटी चिप स्वतःच घालते. सगळे अडले ते चूक ओळखण्यासाठी संदेशाच्या शेवटी जोडायच्या दोन बाइटांवर. त्याबद्दल पुस्तिकेत ‘सीआरसी-१६’ एवढाच उल्लेख होता आणि उत्पादकाच्या मदत कक्षाने दर वेळी तेच पान पुन्हा पाठवले. या गोष्टीचा राग अजूनही गेलेला नाही.

पॅरिटी असताना सीआरसी कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. पॅरिटी बिट प्रत्येक अक्षरातील एकांची संख्या सम आहे की विषम एवढेच सांगतो. एक बिट उलटला तर तो ओरडतो, पण दोन उलटले तर गप्प बसतो. लांब तारेवर शेजारची मोटर सुरू होते तेव्हा बिघाड बहुधा सलग बिटांवरच येतो. सीआरसीत संपूर्ण संदेश ही एक मोठी द्विमान संख्या मानतात आणि तिला ठरलेल्या भाजकाने, हातचा न घेता म्हणजे केवळ एक्सऑर करून, सारख्या बिटांना ० आणि वेगळ्या बिटांना १ देत, भागतात. उरलेली बाकी संदेशामागे जोडली जाते.

छोटे उदाहरण घेऊ. संदेश `1101` आणि भाजक `1011`, म्हणजे x³ + x + 1. भाजकाची घात ३ असल्याने संदेशापुढे तीन शून्ये लावून भागाकार करायचा.

```
1101000
1011
 1100
 1011
  1110
  1011
   1010
   1011
    001
```

बाकी `001`, म्हणून तारेवर `1101001` जाते. यात चार एक आहेत. वाटेत पहिले दोन बिट उलटून `0001001` पोहोचले, तर एकांची संख्या दोन, म्हणजे समच राहते आणि पॅरिटीला काहीही कळत नाही. भागाकार केल्यावर मात्र `1001` मधून `1011` जाऊन `010` उरते आणि चूक पकडली जाते. उलटलेल्या बिटांचा नमुनाच भाजकाच्या पटीतला असेल, तरच सीआरसी फसते.

आता अडचणीचे मूळ. ‘सीआरसी-१६’ या एका नावाखाली कितीतरी प्रकार नांदतात. भाजक `0x8005` असल्याचे ठाऊक असले तरी सुरुवातीची किंमत कोणती, बिट कोणत्या टोकापासून घ्यायचे आणि दोन बाइटांपैकी आधी कोणता पाठवायचा, या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय हिशेब जुळत नाही. त्यातच मॉडबसचे उपकरण चुकीच्या सीआरसीचा संदेश मुकाट्याने टाकून देते आणि चूक झाल्याची सूचनाही पाठवत नाही. त्यामुळे ही शांतता तुटलेल्या तारेची आहे, चुकीच्या पत्त्याची आहे की चुकीच्या बाकीची, हे बाहेरून मुळीच ओळखता येत नाही. पुस्तिकेत एखादा पूर्ण संदेश नमुना म्हणून छापला असता तर हा सारा खटाटोप टळला असता.

वाट सापडली ती दुसऱ्या, चालू असलेल्या प्रोग्रॅमचा संदेश तारेवरून टिपल्यावर. तो होता `01 03 00 00 00 01 84 0A`. त्यावरून उलगडले की सुरुवात `0xFFFF` पासून होते, बिट उजवीकडून घेतले जातात म्हणून भाजक उलटून `0xA001` होतो, आणि उत्तर `0x0A84` असले तरी खालचा बाइट `84` आधी जातो.

```
crc = 0xFFFF
for b in frame:
    crc ^= b
    for _ in range(8):
        crc = (crc >> 1) ^ 0xA001 if crc & 1 else crc >> 1
```

पहिला बाइट `01` संपल्यावर `crc` मध्ये `0x807E` दिसले पाहिजे. तिथेच फरक आढळला तर पुढे शोधू नये. त्याआधीची कसोटी म्हणजे `123456789` ही अक्षरे: या प्रकारात उत्तर `0x4B37` येते, आणि सुरुवात शून्यापासून केली असेल तर `0xBB3D`. हे दुसरे उत्तर दिसताच दोष सुरुवातीच्या किमतीत आहे हे कळते. शून्याने सुरुवात केल्यास संदेशाच्या आरंभी आलेले जादा शून्य बाइट हिशेबात उमटतच नाहीत, म्हणून `0xFFFF` हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

आलेले उत्तर तपासताना शेवटचे दोन बाइट वेगळे काढण्याची गरज नाही. त्यांच्यासह सगळा संदेश याच फेऱ्यांतून घालवला की `crc` शून्य उरते. आणि एक राहिले: पॅरिटी बंद ठेवणार असाल तर मॉडबसच्या नियमानुसार एकाऐवजी दोन स्टॉप बिट लावावेत, म्हणजे प्रत्येक अक्षर तारेवर ११ बिटांचेच राहते.