तुम्ही विचारलंत म्हणून : वात आणि वाट

“इतक्या चांगल्या कविता असताना मराठी भाषा गौरव दिनाला मुलांना स्वतःच लिहिलेली बाळबोध कविता का देता?”

कारण सहा वर्षांपूर्वी मी बाळबोध नसलेली दिली होती. तीही माझीच होती, आणि तिच्यातल्या अष्टाक्षरी ओळींचा मला अभिमान होता :

अंगणात आली रात,
आजीने लावली वात.

न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेतली नऊ वर्षांची मुलगी ती म्हणणार होती. घरी मराठी बोलणारी, पण वाचन रोमन लिपीतून; आणि त्या लिपीत वात आणि वाट एकाच अक्षरांनी लिहिले जातात. शिवाय इंग्रजीतला ‘ट’सारखा वर्ण उच्चारताना जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लागते, तर आपला ‘त’ म्हणायला ती थेट दातांना टेकावी लागते. तीन रविवार आम्ही तेवढेच केले आणि तिला ते जमलेही. मंचावर मात्र समोर दीडशे माणसे पाहून जीभ सवयीच्या जागी गेली, आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, “आजीने लावली वाट!”

सभागृह हसून लोटपोट झाले. मीही हसलो, हे लपवण्यात अर्थ नाही. ती थांबली आणि आईकडे पाहू लागली. पुन्हा तीच ओळ म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. ‘वाट लावणे’ म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हते. खाली उतरल्यावर तिने मला इंग्रजीत विचारले, “मी आजीला काय म्हणाले?” पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही.

तेव्हापासून मी अवघड वर्ण टाळत नाही. जिथे जीभ घसरली की दुसराच शब्द तयार होतो, त्या जागा टाळतो. ती द्विपदी आता अशी आहे :

अंगणी अंधार झाला,
आजीने दिवा लावला.

कोणी ‘डिवा’ म्हणाले तरी तो नुसता चुकलेला दिवा राहतो, आजीवर बालंट येत नाही. ‘ळ’ मी मुद्दाम ठेवतो, मात्र ‘काळ’ऐवजी ‘आभाळ’मध्ये, कारण ‘काल’ हा शब्द आहे, ‘आभाल’ नाही.

झाला-लावला हे यमक लंगडे आहे, हे मला कोणी सांगायला नको. शिवाय दिवा कुठेही लागतो. वात मात्र कापूस पिंजून, तळहातावर वळून करावी लागते, आणि ती करणारी आजी माझ्या नव्या ओळीतून निघून गेली. उच्चार सुधारायचे सोडून शब्दच हाकलणारा हा कसला मास्तर, असे तेव्हाच्या मला वाटले असते, आणि त्याला द्यायला माझ्याकडे पुरते उत्तर नाही.

यंदा एका अकरा वर्षांच्या मुलाने जुनी ओळ मागून घेतली आहे. चार तालमींपैकी तीनदा वात लागली.