नाव नसलेला ‘मोठा ग्राहक’ : इंडस टॉवर्सच्या कागदपत्रांचं वाचन, आतापर्यंतची नोंद

कंपन्यांच्या जाहीर कागदपत्रांवरून त्यांचे नाव न सांगितलेले मोठे ग्राहक आणि पुरवठादार ओळखण्याचा हा सराव आहे. या फेरीत एकच कंपनी घेतली आहे, इंडस टॉवर्स. कंपनी मोबाइलचे टॉवर उभे करते आणि त्यावरची जागा टेलिकॉम कंपन्यांना भाड्याने देते. देशात तिचे अडीच लाखांच्या आसपास टॉवर आहेत, पण मोठे ग्राहक जेमतेम तीन: भारती एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि रिलायन्स जिओ. ग्राहक कोण हे आधीच ठाऊक असल्यामुळे सरावाला ही कंपनी सोयीची आहे. कागदांवरून काढलेलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे लगेच पडताळता येतं.

सुरुवात वार्षिक अहवालातल्या सेगमेंटच्या टिपेपासून. इंड एएस 108 या हिशेबी मानकाप्रमाणे एखाद्या ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या 10 टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न येत असेल, तर ती गोष्ट आणि प्रत्येक अशा ग्राहकाकडून आलेली रक्कम सांगावी लागते. ग्राहकाचं नाव सांगण्याची सक्ती मात्र नाही. एकाच मालकीखालच्या कंपन्या मिळून एक ग्राहक धरायच्या असतात, म्हणून एअरटेल आणि तिची उपकंपनी भारती हेक्साकॉम यांना वेगवेगळं मोजायचं नाही.

चारशे-पाचशे पानांच्या पीडीएफमध्ये ही टीप हाताने शोधत बसू नये. आधी मजकूर काढून घ्यावा, मग त्यात शोधावं:

```
pdftotext -layout AR.pdf AR.txt
grep -n -i -C 3 -E "major customer|single customer|10% or more|10 per ?cent|concentration" AR.txt
```

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. फाइल स्कॅन केलेली असेल तर AR.txt जवळपास रिकामी येते. मग आधी ओसीआर करून चित्रातली अक्षरं मजकुरात आणणं भाग आहे. दुसरं, एकाच अहवालात एकट्या कंपनीचा स्टँडअलोन आणि उपकंपन्यांसह कन्सॉलिडेटेड असे दोन ताळेबंद असतात, त्यामुळे तीच टीप दोनदा सापडते आणि आकडे थोडे वेगळे असतात. कुठला आकडा कुठल्या ताळेबंदातला, हे पान क्रमांकासह टिपून ठेवावं. नाहीतर एका ताळेबंदातली विक्री दुसऱ्यातल्या येण्याने, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या बाकीने, भागली जाते आणि चूक लक्षातही येत नाही. तिसरं, शब्द ओळीच्या शेवटी तुटले असतील तर ते ठिकाण निसटतं. काहीच हाती लागलं नाही, तर सेगमेंटची टीप आणि पत-जोखमीची टीप ही दोन पानं उघडून डोळ्यांनी वाचावीत. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘मोठा ग्राहक नाही’ असं लिहू नये. कंपनीने तसं स्पष्ट म्हटलेलं वाक्य मिळायला हवं.

आता नावं. एअरटेल ही इंडसची प्रवर्तक, म्हणून संबंधित पक्षांच्या टिपेत ती नावानिशी आणि रकमेसकट येते. इतका मोठा व्यवहार असला की भागधारकांची मंजुरीही लागते, आणि त्या सूचनेत व्यवहाराची रक्कम व उलाढालीशी तिचं प्रमाण दिलेलं असतं. ही सूचना एक्स्चेंजच्या साइटवर असते आणि वार्षिक अहवालाइतकीच उपयोगाची असते. सेगमेंटच्या टिपेतल्या बिननावी रकमांपैकी जी या रकमेच्या जवळ जाते, ती एअरटेलची. तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण एका जागी विजेचा वसूल केलेला खर्च धरलेला असतो आणि दुसरीकडे तो वेगळा दाखवलेला असू शकतो.

उरलेल्यांपैकी व्होडाफोन आयडिया ओळखायला वार्षिक अहवालापेक्षा तिमाही निकालांखालच्या टिपा जास्त उपयोगी पडतात. तिथे इंडस नाव न घेता ‘एक मोठा ग्राहक’ असं म्हणते: उत्पन्नाचा मोठा भाग त्याच्याकडून येतो, येणी रकमेतही त्याचा वाटा लक्षणीय आहे, आणि आपला व्यवसाय पुढे चालू राहण्याबद्दलची अनिश्चितता त्या ग्राहकाने स्वतःच्या निकालांत मांडली आहे. ही शेवटची खूण निर्णायक. इंडसच्या या टिपा आल्या त्या काळात तिघांपैकी एकाच कंपनीच्या निकालांखाली अशी टीप होती, ती व्होडाफोन आयडियाच्या. शिवाय फेब्रुवारी 2022 मध्ये एअरटेलने व्होडाफोन समूहाकडून इंडसमधला सुमारे 4.7 टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा अट अशी होती की ते पैसे व्होडाफोन आयडियामध्ये जावेत आणि तिथून इंडसची थकबाकी फेडली जावी. ग्राहक, पुरवठादार आणि थकबाकी अशी तिन्ही एकाच घोषणेत नावानिशी मिळाली. एका कंपनीने न सांगितलेलं नाव दुसरीच्या कागदात सापडतं, ते असं.

पलीकडच्या बाजूने शोधताना एक खड्डा आहे. व्होडाफोन आयडियाच्या नफातोटा पत्रकात ‘भाडं’ शोधलं तर रक्कम फसवी, लहान दिसते. इंड एएस 116 आल्यापासून टॉवरच्या भाड्याचा मोठा भाग लीजचं दायित्व, घसारा आणि व्याज यांत विभागला जातो. म्हणून टॉवर पुरवठादाराचं वजन मोजताना नेटवर्क खर्चाच्या ओळीबरोबर लीजच्या टिपेतला रोखीने भरलेला आकडाही पाहावा.

इथवर नावं लागली. आता ग्राहक-केंद्रीकरणाचा, म्हणजे थोड्याच ग्राहकांवर अवलंबून असण्याचा, खरा अर्थ काय, हे इंडसच्या चार वर्षांच्या आकड्यांत इतकं लख्ख दिसतं की पुढचा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे.

2021-22 मध्ये इंडसचं उत्पन्न साधारण 27,700 कोटी रुपये आणि निव्वळ नफा 6,373 कोटी. 2022-23 मध्ये उत्पन्न वाढून 28,400 कोटींच्या आसपास गेलं आणि नफा 2,040 कोटींवर आला. 2023-24 मध्ये उत्पन्न 28,600 कोटी, नफा 6,036 कोटी. 2024-25 मध्ये उत्पन्न 30,100 कोटी आणि नफा 9,932 कोटी.

उत्पन्नाची ओळ जवळजवळ सपाट आहे, आणि नफा एक तृतीयांशापर्यंत खाली जाऊन जवळपास पाचपट झाला. ग्राहक गेला नव्हता. बिलं फाडली जात होती, ती उत्पन्नात धरली जात होती, फक्त पैसे येत नव्हते. म्हणून बुडीत येण्यांची तरतूद करावी लागली आणि ऑक्टोबर-डिसेंबर 2022 च्या तिमाहीत कंपनीला 708 कोटींचा तोटा झाला. त्या तोट्यात तरतुदीखेरीज सुमारे 493 कोटींचा आणखी एक फटका होता, तो समजून घेण्यासारखा आहे. करारात भाडं दर वर्षी वाढत जाणार असेल तर हिशेबात ते सगळ्या वर्षांवर सारखं वाटून दाखवतात. सुरुवातीच्या वर्षांत त्यामुळे बिलापेक्षा जास्त उत्पन्न दिसतं आणि तो फरक मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो. ग्राहक पुढच्या वर्षांचं वाढीव भाडं भरेल का हीच शंका आली, की त्या मालमत्तेला कात्री लागते. पुढे जुनी बाकी वसूल होऊ लागली, तशा केलेल्या तरतुदी उलटल्या, आणि 2024-25 चा नफा फुगलेला दिसतो तो बऱ्याच अंशी त्यामुळे. त्या वर्षाच्या नफ्यावर किंमत-उत्पन्न गुणोत्तर काढलं तर कंपनी आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते.

म्हणून विक्रीतला वाटा हा अर्धाच आकडा. दुसरा अर्धा येण्यांतला वाटा, आणि तो पत-जोखमीच्या टिपेत असतो. दोन्ही शेजारी ठेवले की काय होतं, ते पाहायला सोपे काल्पनिक आकडे घेऊ. विक्री 1,000 कोटी, येणं 200 कोटी. एका ग्राहकाचा विक्रीत वाटा 30 टक्के, येण्यात 55 टक्के. येण्याला विक्रीने भागून 365 ने गुणलं की संपूर्ण कंपनीचे वसुलीचे दिवस 73 निघतात, काही वावगं वाटत नाही. पण त्या ग्राहकाचे 110 कोटी त्याच्या 300 कोटींच्या विक्रीवर मोजले तर 134 दिवस, आणि बाकीच्यांचे 90 कोटी 700 कोटींवर मोजले तर 47 दिवस. सरासरीने लपवलेलं दुखणं एका भागाकारात बाहेर येतं. येण्यात जीएसटी असतो आणि विक्रीत नसतो, त्यामुळे सगळेच दिवस थोडे जास्त दिसतात; तुलना मात्र बिघडत नाही. जोडीला येण्यांच्या वयाचा तक्ता पाहावा. 2021-22 पासून तो ताळेबंदात द्यावाच लागतो: सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते एक वर्ष, मग वर्षावर्षाने पुढे. रक्कम एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकताना दिसली, तर बऱ्याचदा तरतुदीच्या आधी इशारा मिळतो. ढोबळ येणं पाहावं, तरतूद वजा केलेलं नाही. तरतूद वजा केली की थकबाकी घटल्यासारखी दिसते.

पुरवठादारांची बाजू या कंपनीत उलट्या तऱ्हेने शिकवते. भारतात सेगमेंटच्या टिपेसारखी पुरवठादारांसाठी 10 टक्क्यांची सक्तीची टीप नाही. कंपनी नव्याने बाजारात येत असेल तर तिच्या रेड हेरिंग प्रॉस्पेक्टसमधल्या जोखमीच्या भागात पहिल्या पाच-दहा पुरवठादारांकडच्या खरेदीचं प्रमाण सहसा मिळतं. जुन्या नोंदलेल्या कंपनीत संबंधित पक्षांची टीप, पतमानांकन संस्थांची टिपणं आणि खर्चाच्या ओळी यांवरच भागवावं लागतं. इंडसच्या खर्चात सर्वांत मोठी ओळ वीज आणि इंधनाची. जागामालक हजारो, ठिकठिकाणी विखुरलेले. वीज देणाऱ्या कंपन्या राज्यागणिक वेगळ्या, म्हणजे कागदावर हा पुरवठा चांगलाच विखुरलेला. पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागात टॉवरला वीज घ्यायची ती महावितरणकडूनच. दर वीज नियामक आयोग ठरवतो, आणि वीज गेली की डिझेल जाळायचं. टक्केवारीत लहान असलेला पुरवठादार त्या जागी एकमेव असू शकतो. इंडसला याचा चटका कमी बसतो, कारण ऊर्जेचा बराचसा खर्च ग्राहकांकडून वसूल होतो. मात्र ही वसुली ज्याच्याकडून करायची, तोच थकला तर विजेचं बिल इंडसच्याच गळ्यात पडतं, म्हणजे पुरवठ्याची जोखीमही फिरून त्याच मोठ्या ग्राहकापाशी येते.

पुढच्या फेरीसाठी ठेवलेलं काम: 2021-22 ते 2024-25 या चार अहवालांतली येण्यांच्या वयाची कोष्टकं ढोबळ रकमेसह एका तक्त्यात आणणं आणि रकान्यांचं सरकणं तिमाही तरतुदींच्या तारखांशी लावून पाहणं.