स्लाइडच्या तळाशी विखुरलेल्या स्रोतांची सूची

‘स्लाइडच्या तळाशी, चित्रांखाली ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं स्रोत लिहिलेले असतात. त्यातून एक नीट संदर्भसूची कशी काढता?’

आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घेते. पॉवरपॉइंटच्या आउटलाइन व्ह्यूवर विसंबू नका. तिथे शीर्षक आणि मुख्य मजकुराच्या चौकटीतलंच दिसतं. तळटीप म्हणून टाकलेला सुटा टेक्स्टबॉक्स दिसत नाही, आणि स्रोत नेमका तिथेच असतो. म्हणून मी सादरीकरणाची पीडीएफ करून त्यातून मजकूर उचलते. वक्त्याच्या नोट्समध्येही संदर्भ दडलेले असतात, त्या वेगळ्या पाहते. आलेखाचा स्क्रीनशॉट चिकटवला असेल, तर त्यातली बारीक अक्षरं मी डोळ्यांनी वाचून टंकते.

हे सगळं एका तक्त्यात जातं. स्लाइडचं शीर्षक, तिथे लिहिलेला स्रोत अक्षरशः, आणि त्या स्रोताच्या जिवावर केलेलं विधान किंवा आकडा. शीर्षक अशासाठी, की कुणीतरी मध्येच एक स्लाइड घुसवतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. या टप्प्यावर काहीही दुरुस्त करायचं नाही, स्पेलिंगसुद्धा नाही.

तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात. माझं सगळं काम त्यावर चालतं.

महिलांमधल्या रक्तक्षयावरचं सादरीकरण घ्या. एका स्लाइडखाली ‘एनएफएचएस’, दुसऱ्या स्लाइडखाली ‘आयआयपीएस २०२१’, तिसऱ्या स्लाइडखाली ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५’, चौथ्या स्लाइडखाली नुसतं ‘आरोग्य मंत्रालय’. एनएफएचएस हे याच सर्वेक्षणाचं इंग्रजी लघुरूप, आयआयपीएस ते करणारी संस्था आणि मंत्रालय ते करवून घेणारं. एकच सर्वेक्षण दिसतंय म्हणून चारही एका नोंदीत घालायचा मोह होतो. आता आकडे पाहा. पहिल्या स्लाइडवर १५ ते ४९ वयाच्या ५३.१ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं लिहिलंय, दुसऱ्या स्लाइडवर ५७ टक्के, तिसऱ्या स्लाइडवर ५४.२ आणि चौथ्या स्लाइडवर पुन्हा ५७. ५७ हा सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा भारताचा आकडा. ५४.२ त्याच फेरीतला, पण महाराष्ट्राचा, आणि राज्याचा अहवाल स्वतंत्र आहे. ५३.१ तर चौथ्या फेरीचा, म्हणजे २०१५-१६चा, भारताचा. तेव्हा नावं चार असली तरी दस्तऐवज तीन. आणि पहिली स्लाइड ‘सध्याची स्थिती’ म्हणून दाखवली जात असेल, तर सूची करता करता मजकुरातली चूकही सापडली.

गर्भवतींचा आकडा वेगळा असतो: पाचव्या फेरीत भारतासाठी ५२.२. स्लाइडवर ‘५२ टक्के महिला’ एवढंच असेल, तर स्रोत बरोबर आणि वाक्य चूक असंही होतं.

मग तिन्ही नोंदी एकाच साच्यात बसवायच्या. कर्ता म्हणून मंत्रालय नव्हे, तर अहवालच सुचवतो ती नावं घालते: इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस आणि आयसीएफ. सर्वेक्षणाचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष वेगळं असतं. चौथी फेरी २०१५-१६ची, तिचा अहवाल २०१७चा. प्रकाशनाचं वर्ष कर्त्यानंतर येतं, फेरीची वर्षं शीर्षकात राहतात. पाचव्या फेरीचे दोन्ही अहवाल त्याच कर्त्यांचे आणि २०२१चेच, म्हणून त्यांना २०२१अ (भारत) आणि २०२१ब (महाराष्ट्र) म्हणायचं. स्लाइडखाली एवढीच छोटी खूण आणि तक्त्याचा किंवा पानाचा क्रमांक ठेवते. पूर्ण तपशील शेवटच्या सूचीत. राज्याचं फॅक्टशीट पाहून आकडा घेतला असेल तर फॅक्टशीटचीच नोंद करते. न उघडलेल्या जाडजूड अहवालाचं नाव लावत नाही.

वर्तमानपत्रातला आलेख उचललाय आणि त्याखाली ‘स्रोत: एनएफएचएस’ आहे, असंही होतं. मूळ अहवालात आकडा सापडला तर अहवालाची नोंद करायची, नाहीतर वर्तमानपत्राची. ‘स्रोत: गूगल’ला सूचीत जागाच नाही; आकडा शोधूनही सापडला नाही तर वक्त्याला विचारते, आणि तोही सांगू शकला नाही तर आकडा काढायला सांगते. छायाचित्रांचं श्रेय मात्र मी चित्राखालीच राहू देते, परवान्याच्या नावासकट. चित्र दुसऱ्या सादरीकरणात गेलं की शेवटची सूची मागेच राहते.

झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर जरूर वापरा. लेखाचा डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकला की नोंद आपोआप भरते, साचा एका क्लिकवर बदलतो. सरकारी अहवालांना हे क्रमांक अनेकदा नसतात, त्यांची नोंद हातानंच करावी लागते. आणि ‘दुहेरी नोंदी एकत्र करा’ हे बटण आकडे वाचत नाही. २०२१अ आणि २०२१ब त्याला जुळी वाटू शकतात, तेव्हा ते दाबण्याआधी तिसरा रकाना उघडा ठेवा.

शेवटी दोन्हीकडून पडताळणी. प्रत्येक स्लाइडवरची खूण सूचीत सापडते का, आणि सूचीतली प्रत्येक नोंद निदान एका स्लाइडवर आहे का. दुसऱ्या पडताळणीत हमखास एक-दोन अनाथ नोंदी निघतात. त्यांची स्लाइड कुणीतरी आदल्या रात्री काढून टाकलेली असते.