आमची वाटचाल : वड्याचं कार्ड

साताऱ्यात वडिलांनी गाडा लावला तेव्हापासून वडा मामांच्या हातचा. मामा म्हणजे आमचे आचारी. नात्यातले नाहीत, पण घरात सगळे त्यांना मामाच म्हणतात. गाड्याचं दुकान झालं तरी मोजमापाचा प्रश्न कधी आला नाही, कारण सकाळी भाजी मामा करायचे आणि संध्याकाळीही मामाच. दुसरी शाखा काढली आणि पंधरवड्यातच गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "ताई, खालच्या दुकानातला वडा वेगळा लागतो."

दोन्ही दुकानांत वडा सारखा व्हावा म्हणून मापं एका कार्डावर लिहायची ठरवली. मामांना विचारलं, मीठ किती? म्हणाले, "अंदाजानं." हे उत्तर खोटं नव्हतं. त्यांचा अंदाज ठरलेलाच होता, फक्त तो ग्रॅममध्ये कुणी मोजला नव्हता. मग मी त्यांना काहीच विचारायचं नाही असं ठरवलं. भाजी सुरू करण्याआधी मीठ, हळद, हिंग, मोहरीचे डबे वजन करून ठेवायचे, मामांनी नेहमीसारखं हातानं घ्यायचं आणि भाजी झाल्यावर डबे पुन्हा काट्यावर ठेवायचे. फरक आला तेवढं पडलं. यासाठी दोन काटे लागतात. बटाट्याच्या मोठ्या काट्यावर पाच ग्रॅम हिंग दिसतच नाही, त्याला एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा.

आठवडाभर हे केल्यावर मिठाचे आकडे जवळजवळ सारखे आले, बटाट्याचे मात्र नाहीत. कारण साधं होतं. मामा कच्चा बटाटा मोजून लावायचे, पण उकडून सोलल्यावर कधी दहातला एक किलो जायचा, कधी दीड. साल जाड असली, डोळे-डाग काढावे लागले की आणखी घट. मिठाचं प्रमाण कच्च्या बटाट्यावर धरलं तर भाजी कधी अळणी, कधी खारट होणारच. म्हणून आमच्या कार्डाची पहिली ओळ अशी आहे : उकडून, सोलून, ताटात पसरून वाफ गेलेला बटाटा 5 किलो. त्याला मीठ 70 ग्रॅम, बारीक मीठच. खडा मीठ वजनाला सारखं असलं तरी गार भाजीत नीट विरघळत नाही.

वाफ जाऊ देणं ही पायरी मामांच्या हातात होती, तोंडात नव्हती. गरम बटाटा लगेच कुस्करला की भाजी चिकट होते. आता कार्डावर चाचणी लिहिली आहे : 50 ग्रॅमचा गोळा ताटात ठेवा, थोड्या वेळात बसका झाला तर भाजीत पाणी जास्त आहे, पुन्हा पसरा. नव्या बटाट्याला हे हमखास होतं.

पिठाचं पाणी आम्ही ठाम आकड्यात लिहिलं नाही. बेसन जाड की बारीक यावर ते कमीजास्त लागतं. 1 किलो बेसनाला 850 मिली आधी घाला, 100 मिली बाजूला ठेवा, त्यातलं थोडं थोडं घालत जा आणि पीठ कार्डावरच्या फोटोसारखं झालं की थांबा. हा फोटो काढायला सगळ्यात जास्त त्रास झाला. पातेल्यातलं पीठ फोटोत नुसतं पिवळं दिसतं. शेवटी गोळा पिठात बुडवून उचलतानाचा फोटो काढला : गोळ्यावर पिठाचा थर दिसतो, आतली कोथिंबीर दिसत नाही आणि खाली एकच जाड धार पडते.

तळणीच्या फोटोत तीन वडे शेजारी शेजारी आहेत : कच्चट, बरोबर आणि करपट. नुसत्या बरोबर वड्याचा फोटो लावला तर पोरं म्हणतात, "आमचा पण असाच आहे की." फोटो दिवसा खिडकीजवळ काढावा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. तेल 175 ते 180 अंश, आणि कढईत किती वडे सोडायचे तेही लिहिलंय. जास्त सोडले की तेल थंड पडतं आणि वडा तेल पितो.

दोन गोष्टी कार्डात बसल्या नाहीत. एक मिरची. 150 ग्रॅम लवंगी आणि 150 ग्रॅम जाड मिरची यांचा तिखटपणा वेगळाच, म्हणून कार्डावर जात लिहिली आहे. ती मिळाली नाही तर आधी मामांना फोन. दुसरा बटाटा. पावसाळ्यानंतर बाजारात शीतगृहातला माल जास्त असतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, तो गोड लागतो आणि लिंबू-मिरची वाढवूनही वडा सुधारत नाही. म्हणून पोतं उघडलं की एक बटाटा उकडून, बिनमिठाचा खाऊन बघायचा. गोड लागला तर ते पोतं रस्साभाजीला.

कार्ड लॅमिनेट करून ओट्यासमोर डोळ्यांच्या उंचीवर लावलंय, खाली तारीख. बदल केला की जुनं कार्ड दोन्ही दुकानांतून काढून मीच फाडते, नाहीतर एकीकडे जुनं मीठ आणि दुसरीकडे नवं. मामा अजूनही मीठ हातानंच उचलतात, पण आता ते वाटीत टाकून काट्यावर ठेवतात. बहुतेक वेळा 70च भरतं, आणि मग ते माझ्याकडे बघतात. लसणाच्या चटणीचं कार्ड मात्र ते अजून करू देत नाहीत.