आमची वाटचाल: दोन कोटींचा आकडा आणि एक लाखाचं भांडवल

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं स्टीलचं वर्कशॉप आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना लागणारी टेबलं, सिंक, रॅक आणि चुलीवरचे एक्झॉस्ट हूड आम्ही बनवतो. 2011 मध्ये एक शिअरिंग मशीन आणि दोन वेल्डर घेऊन सुरुवात केली. तेव्हा धंदा माझ्या एकट्याच्या नावावर होता. 2016 मध्ये चुलतभाऊ बरोबर आला आणि आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली.

कागदपत्रं करताना सीएंनी विचारलं, अधिकृत भांडवल किती ठेवायचं? मी म्हटलं, आमच्याकडे तर एकच लाख आहेत. ते म्हणाले, ते भरणा भांडवल झालं, म्हणजे तुम्ही शेअर घेऊन कंपनीत प्रत्यक्ष घातलेले पैसे. अधिकृत म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रुपयांचे शेअर काढू शकते, ती मर्यादा. त्यांनी 10 लाखांची मर्यादा ठेवली. दहा रुपयांचे 10,000 शेअर निघाले, 6,000 माझे आणि 4,000 भावाचे. सगळं ऐकलं, सही केली आणि विसरून गेलो. पुढे ते विसरणं महाग पडलं.

2019 च्या पावसाळ्यात एक कंत्राटदार कंपनी आमच्याकडे आली. उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलचं अख्खं स्वयंपाकघर त्यांना हंगामाआधी उभं करायचं होतं. लेटरहेडवर ठळक छापलं होतं, ‘अधिकृत भांडवल रु. 2 कोटी’. आम्ही दोघेही त्या आकड्याला भुललो. काम 11 लाख 40 हजारांचं होतं. 2 लाख 85 हजार आगाऊ मिळाले आणि बाकी साठ दिवसांच्या उधारीवर ठरलं. 304 ग्रेडचा पत्रा आम्ही रोखीने आणला, चवथीच्या सुट्टीतही पोरं कामाला होती. माल वेळेत बसला. त्यानंतर दीड लाख आले आणि मग फोन उचलणं बंद झालं. 7 लाख 5 हजार अडकले.

वकिलांनी माझ्यासमोरच कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं नाव टाकलं. ही माहिती कोणालाही फुकट दिसते. अधिकृत भांडवल 2 कोटी, त्याच्याच खाली भरणा भांडवल 1 लाख. आणखी खाली एका बँकेचा बोजा नोंदवलेला होता. थोडी फी भरून ताळेबंद काढला, तर साचलेला तोटा 22 लाख. म्हणजे मालकांनी घातलेला एक लाख केव्हाच संपला होता, वर 21 लाखांचा खड्डा होता. बँकेचा बोजा मालावर आणि येणं असलेल्या रकमांवर होता, त्यामुळे वसुलीत बँक आमच्या पुढे.

मी वकिलांना विचारलं, पण ते दोन कोटी? त्यांनी सांगितलेलं तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे. जे शेअर निघालेच नाहीत, त्यांचे पैसे कोणीच कोणाला देणं लागत नाही. निघालेल्या शेअरवर काही रक्कम भरायची राहिली असेल, तर कंपनी बुडताना ती भागधारकाकडून मागता येते. इथे एक लाखाचे शेअर पूर्ण भरलेले होते, त्यामुळे मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उरलेले 1 कोटी 99 लाख ही शेअर काढायची नुसती परवानगी होती, आणि फी व मुद्रांक शुल्क भरलं की अशी परवानगी मिळते. शिवाय कंपनी कायद्याचं कलम 60 सांगतं की लेटरहेडवर किंवा जाहिरातीत अधिकृत भांडवल छापलं, तर भागधारकांनी प्रत्यक्ष घेतलेल्या शेअरचं आणि भरणा झालेलं भांडवलही तितक्याच ठळकपणे छापायला हवं. त्या लेटरहेडवर ते नव्हतं. हे आधी माहीत असतं तर तो कागद हातात आल्यावरच आम्ही थांबलो असतो.

2022 मध्ये लेझर कटिंगची मोठी कामं येऊ लागली, तेव्हा खेळत्या भांडवलासाठी आम्ही बँकेत गेलो. मॅनेजरनी आमचा ताळेबंद उघडला. भरणा भांडवल 1 लाख, राखीव नफा 6 लाख आणि संचालकांकडून घेतलेलं कर्ज 16 लाख. अडचणीच्या वेळी मी 10 आणि भावाने 6 लाख घातले होते, तेच हे.

मॅनेजर म्हणाले, “यात तुमचं स्वतःचं किती?”

मी म्हटलं, “साहेब, सगळे तेवीस लाख आमचेच की.”

“सोळा लाख तुम्ही उद्या काढून नेऊ शकता. ते कंपनीचं देणं आहे. मी सात धरतो.”

मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. त्या कंत्राटदाराकडे मी हेच बघायला हवं होतं.

मग ते कर्ज शेअरमध्ये वळवायचं ठरलं. भाऊ म्हणाला, लगेच वाटून टाकू. सीएंनी थांबवलं. मर्यादा 10 लाखांची, शेअर होणार 17 लाखांचे, आणि मर्यादेबाहेर दिलेले शेअर कायद्याने टिकत नाहीत. आधी सभा घेऊन ठराव केला, मर्यादा 25 लाख केली आणि तीस दिवसांच्या आत मर्यादा वाढवल्याचा एसएच-7 फॉर्म भरला. मगच आम्हा दोघांना जुन्या प्रमाणात शेअर देऊ केले.

प्रमाण म्हणताच घरचा हिशेब निघाला. 1,60,000 नवे शेअर 60-40 ने वाटले तर माझे 96,000 आणि भावाचे 64,000. पण कर्ज माझं 10 लाख आणि त्याचं 6 लाख होतं. तेव्हा माझे 40 हजार कंपनीने मला परत केले आणि भावाने खिशातून 40 हजार घातले. तसं केलं नसतं तर मालकीचं प्रमाण सरकलं असतं, आणि आम्हा दोघांच्या घरात तो विषय कधी निघू नये असं मला मनापासून वाटतं. वाटपानंतर शेअर वाटल्याचा पीएएस-3 फॉर्म भरला, दोन महिन्यांच्या आत शेअर प्रमाणपत्रं हातात आली. भरणा भांडवल 17 लाख आणि राखीव 6 लाख. रक्कम तीच तेवीस लाख, पण आता बँकेच्या लेखी ती आमची झाली आणि खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज मंजूर झालं.

एक मात्र सांगायला हवं. भरणा भांडवल कमी दिसलं म्हणून लगेच कोणाला नाकारू नका. दहा रुपयांचा शेअर दोनशेला विकला, तर भरणा भांडवलात दहाच दिसतात, उरलेले 190 प्रीमियम म्हणून राखीव बाजूला जातात. फोंड्याचे आमचे एक पत्रा पुरवठादार आहेत, त्यांचं भरणा भांडवल 5 लाखच आहे, पण वीस वर्षांचा नफा त्यांनी कंपनीतच ठेवलाय. आणि उलटही होतं, एक कोटी भरलेल्या कंपनीचा तोटा नव्वद लाखांवर गेलेला असतो. म्हणून मी भरणा भांडवलात राखीव नफा मिळवतो, तोटा असेल तर वजा करतो, मग बोजा बघतो. ताळेबंद किती जुना आहे तेही बघतो, कारण वर्षाअखेरीचे आकडे लोकांसमोर यायला कित्येक महिने जातात.

गेल्या महिन्यात भावाने नवं लेटरहेड छापायला घेतलं आणि 25 लाखांचा आकडा घालू या म्हणाला. मी म्हटलं, घालायचा तर 17 लाखही तेवढ्याच मोठ्या अक्षरात घालायचे. थोडा विचार करून त्याने दोन्ही काढले. नाव, नोंदणीकृत पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल एवढंच ठेवलं. ज्यांना उधारीवर माल हवा असतो त्यांच्याकडे आम्ही ताळेबंद मागतो, आणि कोणी आमचा मागितला तर त्याच दिवशी पाठवतो.