तरोटा की कासोदा? मोबाईलच्या कॅमेऱ्यानं रानभाजी ओळखताना

मृगाचा पाऊस पडून पंधराएक दिवस झाले की आमच्याकडे, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला, बांध आणि रस्त्याच्या कडा तरोट्यानं भरून जातात. पुण्या-मुंबईकडे याला टाकळा म्हणतात. कोवळा पाला खुडायचा, चांगला शिजवून पाणी पिळून काढायचं, भिजवलेली डाळ आणि भरपूर लसूण घालून परतायचा, आणि सोबत कळण्याची भाकरी. घरात ही भाजी आणायचं काम माझ्या जाऊबाईंचं. त्या नजरेनंच ओळखतात. मागच्या पावसाळ्यात त्या बाळंतपणासाठी लेकीकडे गेल्या होत्या, म्हणून खुडायला मी गेले. माझं माहेर शहरातलं, रानभाज्यांशी माझी ओळख ताटातली.

बांधावर बसल्यावर दिसलं की तिथं एकसारखी वाटणारी, पण दोन जातींची रोपं मिसळून उगवली आहेत. दोन्ही वीतभर उंच, दोघांच्याही पानात समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या, रंगही जवळपास तोच. शेजारच्या आक्का वाटेनं जात होत्या. एक रोप हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘हाऊ तरोटा नही शे.’’ का नाही, ते मात्र त्यांना सांगता येईना. वास घेऊन बघ, म्हणाल्या. मी दोन्ही पानं चुरगाळली, दोन्हींना उग्र वास आला.

मोबाईल खिशात होताच. गूगल लेन्स उघडून बांधावरच फोटो काढला. पहिल्या फोटोला नाव आलं Senna tora. दोन पावलं बाजूला सरकून त्याच रोपाचा फोटो घेतला तर Senna occidentalis. वरून घेतला तर भुईमुगाचे फोटो पुढे आले. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की पहिलं नाव तरोट्याचं आणि दुसरं कासोद्याचं, ज्याला काहीजण रानटाकळाही म्हणतात. कासोद्याच्या बिया विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर भागातल्या लहान मुलांमध्ये मेंदू, यकृत आणि स्नायू यांना एकदम ग्रासणारा आजार व्हायचा, आणि त्याचा संबंध या शेंगा-बिया खाण्याशी असल्याचं 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवलं. हे वाचल्यावर त्या दिवशीचा पाला मी शिजवला नाही. घरात दोन लहान मुलं आहेत आणि ती बांधावर खेळतात. त्यामुळे आता भाजीपुरतंच नाही, बांधावर नक्की काय उगवलंय तेच मला नीट कळायला हवं होतं.

लेन्स एकाच रोपाला दोन नावं का देतं, याचा मी बराच विचार केला. ते पानांच्या जोड्या मोजत नाही. फोटोत जे दिसतं त्याच्यासारखी दिसणारी चित्रं शोधतं आणि त्या चित्रांशेजारी लिहिलेलं नाव आपल्यापुढे ठेवतं. माझ्या फोटोत एक रोप नव्हतंच. मागे दुसरी रोपं होती, गवत होतं, माझी चप्पल होती. शिवाय इंटरनेटवर तरोट्याच्या नावाखाली कासोद्याचे फोटो टाकलेली पानं काही कमी नाहीत, म्हणजे चित्र बरोबर जुळलं तरी नाव चुकीचं येऊ शकतं. आणखी एक गोंधळ जुन्या नावांचा. Cassia tora आणि Senna tora ही एकाच झाडाची जुनी-नवी नावं आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत जुनंच असतं. दोन फोटोंना ही दोन नावं आली तर उत्तर बदललेलं नाही, पण occidentalis आलं तर बदललं.

मग फोटो काढण्याची पद्धत बदलली. सकाळी ऊन तापायच्या आत जायचं. संध्याकाळी जाऊन उपयोग नाही, कारण दिवस मावळताना या दोन्ही झाडांची पानं मिटतात आणि मिटलेल्या पानांच्या फोटोवर कॅमेरा काहीही सांगतो. रोपातून एक पूर्ण पान तोडायचं, म्हणजे देठासकट, सगळ्या जोड्यांसह. अनेकदा आपण नुसतं एक छोटं पान तोडतो आणि त्यालाच पूर्ण पान समजतो, तिथंच घोळ होतो. ते पान स्टीलच्या नाही, पांढऱ्या चिनी मातीच्या ताटलीत ठेवायचं, कारण स्टीलवर चकाकी येते. सावलीत, वरून सरळ फोटो. लेन्समध्ये फोटोवर जी चौकट येते तिचे कोपरे ओढून फक्त पान आत घ्यायचं. आमच्या बांधावर रेंज कधी असते कधी नसते, म्हणून तिथं नुसते फोटो काढायचे आणि घरी येऊन गॅलरीतून लेन्समध्ये उघडायचे. हे चालतं.

एवढ्यानं बरीच सुधारणा झाली, भुईमूग गेला. पण तरोटा आणि कासोदा यांत कॅमेरा अजूनही हेलकावे खात होता. Pl@ntNet नावाचं फक्त झाडांसाठीचं ॲप आहे, ते वापरलं. त्यात पान, फूल, फळ, खोड यांतलं काय दाखवतोय ते सांगता येतं, एकाच झाडाचे अनेक फोटो देता येतात आणि प्रत्येक नावासमोर टक्केवारी येते. मला त्याची हीच गोष्ट जास्त आवडली. लेन्स एकच नाव ठासून पुढे करतं, इथं दोन नावांत थोडाच फरक दिसला की लगेच कळतं, फोटोत निर्णय करण्याइतकं काही आलेलं नाही. माझ्या कोवळ्या रोपांच्या बाबतीत नेमकं तेच दिसत होतं.

आमच्या ओळखीचे एक सर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात. त्यांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, ‘‘ताई, पानाचा फोटो पुरे, आता देठाचा पाठवा. अगदी जवळून.’’

देठात काय बघायचं ते त्यांनी समजावलं. दोन्ही झाडांच्या पानावर एक बारीकशी ग्रंथी असते, फार तर दोन मिलिमीटरची. तरोट्यात ती सर्वांत खालच्या जोडीच्या दोन छोट्या पानांच्या मध्ये, दांडीवर उभी असते, काडीच्या टोकासारखी. कासोद्यात तिथं काही नसतं. तिथं देठ जिथून खोडाला चिकटतो त्याच्या जवळच एक गोलसर, फुगीर, गडद ठिपका असतो. जोड्यांची संख्याही उपयोगी आहे. तरोट्याला तीन जोड्या आणि छोटी पानं टोकाला रुंद, गोल. कासोद्याला चार ते सहा जोड्या, पानं टोकाला निमुळती. पण रोप अगदी कोवळं असताना कासोद्याच्या पहिल्या पानांनाही कमीच जोड्या असतात, म्हणून त्या वयात नुसत्या मोजणीवर जाऊ नये. आधी पानाचं टोक बघावं आणि मग ग्रंथी.

दोन मिलिमीटरची गोष्ट मोबाईलच्या कॅमेऱ्यात पकडणं हे खरं काम निघालं. फोन अगदी जवळ नेला की चित्र पुसट होतं. त्यापेक्षा फोन वीतभर लांब धरून दुप्पट झूम करायचं, पडद्यावर देठाच्या जागी बोट ठेवून तिथं फोकस करायचा आणि हात ताटलीच्या कडेला टेकवायचा. तरी जमेना तेव्हा मुलांचं भिंग कॅमेऱ्यासमोर धरलं. पहिल्या चांगल्या फोटोत तरोट्याची ती काडी स्पष्ट दिसली, फिकट नारिंगी, दोन पानांच्या बेचक्यात उभी. कासोद्याच्या देठाशी काळपट जांभळा मणी. एकदा दिसल्यावर नंतर साध्या डोळ्यांनीही दिसू लागलं. गंमत म्हणजे हा फोटो लेन्सला दिला तर त्याला काहीच उमगलं नाही, किड्यांची अंडी वगैरे दाखवायला लागलं. दोन झाडांतला फरक ठरवणारी खूण कॅमेऱ्यानं मला दाखवली, पण तिचा अर्थ सांगायला सरच लागले.

खात्री करायला मी बांधावर दोन्ही जातींची काही रोपं सुतळी बांधून राखून ठेवली, तरोट्याला पांढरी आणि कासोद्याला लाल. गणपतीच्या सुमारास दोघांनाही पिवळी फुलं आली. फुलांवर लेन्स पुन्हा अडखळलं, कारण या कुळातली फुलं दिसायला सारखीच. शेंगा धरल्या तेव्हा मात्र काही प्रश्न उरला नाही. तरोट्याची शेंग दाभणासारखी बारीक, वीतभर लांब आणि वाकडी. कासोद्याची चपटी, जाड, वरच्या बाजूला किंचित वळलेली आणि दोन्ही कडांना फिकट पट्टी. शेंगांच्या फोटोंना लेन्सनं आणि Pl@ntNet नं दोघांनीही एकच, बरोबर नाव दिलं, आणि तिथं टक्केवारीही एकदम वर गेली. सुतळीचे रंग जुळले.

म्हणजे कॅमेरा ज्या वयाच्या झाडाला बिनचूक ओळखतो, त्या वयात ते भाजीच्या उपयोगाचं राहिलेलं नसतं. जूनमध्ये, पाला कोवळा असताना, त्याचं उत्तर फक्त संशयितांची यादी म्हणून घ्यायचं. आठवडे बाजारात बांधून ठेवलेल्या जुडीचा फोटो काढून तर काहीच हाती लागत नाही. कोमेजलेली, एकावर एक दाबलेली पानं. तिथं मी जुडीतली तीन-चार पानं वेगवेगळ्या ठिकाणांहून ओढते आणि खालच्या जोडीच्या बेचक्यात बघते. विकणाऱ्या पावरा बायांना याची गरज नसते. एकीला मी कासोदा दाखवला तर तिनं लांबूनच मान हलवली.

ऑक्टोबरात, शेंगा वाळून तडकायच्या आधी, आम्ही बांधावरचा सगळा कासोदा उपटून काढला, कारण बी पडलं की पुढच्या जूनला पुन्हा तीच मिसळ उगवणार. लाल सुतळीचं एक रोप तेवढं ठेवलं होतं, ते जाऊबाईंना दाखवून मग काढलं. त्यांनी ग्रंथी कधी पाहिलेली नव्हती. त्यांनी चार पानं उलटीपालटी करून ती शोधली आणि मला विचारलं, बाकीच्या तरोट्यालाही आहे का बघू. आम्ही बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेलो.