उरलेल्या फराळाचं काय करते: लाडवाच्या पोळ्या आणि चकलीची थालीपिठं

पाहुणे गेले की आधी सगळे डबे उघडून वास घ्यायचा. सादळलेला फराळ आणि खवट झालेला फराळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सादळलेली चकली मऊ पडलेली असते, पण वासाला चांगली असते. तिचं पुष्कळ काही होतं. खवट झाली असेल तर तळणाच्या तेलाचाच जुनाट, तेलकट वास येतो. तो कांदा-लसणीने झाकला जात नाही, उलट गरम केल्यावर जास्तच उठतो. असा डबा सरळ टाकावा. चिवड्यात सगळ्यात आधी खवट होतं ते खोबरं. त्याचे काप वेचून चाखले की बाकीच्या चिवड्याचा अंदाज येतो.

मग क्रम लावायचा. पेढे-बर्फी खव्याची असते, तिला थांबायला वेळ नसतो; तिची सोय आधी. बेसनाचे लाडू आठवडाभर थांबले तरी चालतात. पेढे मी दुधात घालून आटवते, पण सगळे एकदम पातेल्यात कधीच टाकत नाही. अर्धी वाटी दूध उकळून त्यात एक पेढा कुस्करून बघायचा. दूध फाटलं तर खवा आंबलेला आहे, तो पेढाही नको आणि त्याचे भाऊबंदही नकोत. नाही फाटलं तर अर्धा लिटर दूध थोडं आटवून, आच मंद करून पाच-सहा पेढे चुरून घालायचे. साखर वेगळी लागत नाही.

बेसनाच्या लाडवाच्या पोळ्या मात्र निगुतीने कराव्या लागतात, कारण सारणात साखर आणि तूप दोन्ही भरपूर असतं. तव्यावर तूप पातळ होतं आणि पोळीला जिथे बारीक भोक असेल तिथून बाहेर येतं. त्यामागून साखर येते, ती तव्याला चिकटून जळते आणि पुढच्या प्रत्येक पोळीला काळे डाग पडतात. म्हणून पाच मध्यम लाडू हाताने मोडून त्यात दोन चमचे कोरडं भाजलेलं बेसन किंवा तिळाचं कूट मिसळायचं. ते जादा तूप शोषून घेतं. दूध घालायचा मोह आवरावा. सारण चिकट होतं आणि लाटताना एका बाजूला गोळा होतं.

पारीसाठी दोन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घेऊन घट्ट भिजवायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. कणीक आणि सारण हाताला सारखंच लागलं पाहिजे, सगळी मेख इथेच आहे. फ्रिजमधलं सारण कडक असतं, ते पारी फाडतं. थंडीत तूप थिजलं असेल तर सारण तळहाताने मळून मऊ करायचं. मी गूळपोळीसारख्या दोन छोट्या पाऱ्या घेते, मध्ये सारणाची चपटी गोळी ठेवते, कडा दाबून बंद करते आणि तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटते. सारण कडेपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर कडा नुसत्याच कडक होतात. आच मध्यम. एखादी फुटलीच तर तवा ओल्या फडक्याने जपून पुसून मगच पुढची टाकायची.

चकलीची थालीपिठं त्यामानाने सोपी. चकलीत भाजणी असतेच, त्यामुळे चव आयती मिळते. पण ते पीठ आधीच तळलेलं असल्यामुळे त्याला चिकटपणा उरलेला नसतो. नुसत्या चुऱ्याचं थालीपीठ थापताना चिरतं आणि उलटताना तुकडे होतात. म्हणून एक वाटी चुऱ्याला एक वाटी ताजं पीठ, अर्धी ज्वारी आणि अर्धी कणीक, हे प्रमाण धरावं. चुरा आधी पाव वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, नाहीतर तो नंतर पाणी ओढत राहतो आणि गोळा कोरडा पडतो. मग पिठं, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, थोडी हळद. मीठ आणि तिखट शेवटी, गोळ्याचा कण चाखून. चकलीत दोन्ही असतं आणि सवयीने हात सैल सुटला की थालीपीठ खारट होतं. तव्यावरही नेहमीपेक्षा निम्मंच तेल पुरतं.

याहून थोड्याच चकल्या उरल्या असतील तर त्यांची पूड करून उसळीच्या रश्शात एक-दोन चमचे घालते. ती शिजताना फुगते, म्हणून रस्सा थोडा पातळ असतानाच घालायची. शेव मात्र ताटात वाढतानाच वरून, आधी घातली तर तिचा लगदा होतो.